चहाचा चोथा, कॉफीचा गाळ, अंड्याची टरफलं: नागपूरच्या कुंड्यांत काय घालावं, काय घालू नये

नागपुरातल्या बहुतेक घरांत सकाळ-संध्याकाळ मिळून वाटीभर तरी चहाचा चोथा निघतो. अंडी खाणारं घर असेल तर टरफलं रोजचीच. कॉफीचा गाळ मात्र फिल्टर कॉफी पिणाऱ्या घरांतच सापडेल. बरणीतली कॉफी गरम दुधात पूर्ण विरघळते, तिचा गाळ उरत नाही. म्हणून इथे मुख्य मुद्दा चहाचा आहे. टरफलांबद्दल बोलायचं आहे ते थोडं वेगळ्या कारणासाठी. नागपूरच्या मातीत टरफलांचा सल्ला कित्येकदा उलटा पडतो.

आधी चोथा धुवा

आपला चहा म्हणजे दूध, साखर, आलं आणि असेलच तर गवती चहा. चोथ्याला दूध-साखर चिकटलेली असते. तो तसाच कुंडीत टाकला की दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागते, दोन-तीन दिवसांत आंबूस वास येतो आणि मातीवर बारीक काळी चिलटं घोंगावू लागतात.

गाळणीतला चोथा भांड्यात काढा, त्यात दोन गिलास साधं पाणी घाला, हाताने ढवळा आणि पुन्हा गाळा. पहिलं पाणी दुधट निघेल. ते झाडांना न देता मोरीत ओता. पाणी दुधट न राहता फिकट तपकिरी दिसेपर्यंत धुवा. बहुतेक वेळा दोन-तीन धुणी पुरतात. चिमूटभर चोथा बोटांत चोळून पाहा. चिकट लागला नाही तर काम झालं. आल्याचे तुकडे, वेलदोड्याची सालं राहिली तरी चालतं. चहाच्या पिशव्या वापरत असाल तर त्या फाडून आतला चोथाच घ्या. काही पिशव्यांत प्लास्टिकचा धागा असतो, तो कुजत नाही. वर स्टेपलची पिनही असते.

एप्रिल-मेमध्ये गच्चीवर वर्तमानपत्रावर पसरलेला चोथा दुपारपर्यंत कोरडाठक होतो. मग तो बरणीत महिनाभरही टिकतो. पावसाळ्यात तो वाळत नाही, त्यावर बुरशी धरते. म्हणून जूनपासून वाळवायचा नाद सोडून रोजचा धुतलेला चोथा सरळ माठात घालावा.

माठात कुजवा

चोथा थेट मातीत मिसळण्यापेक्षा कुजवून घालणं जास्त भरवशाचं. चहापत्तीत नत्र भरपूर असतं. त्याच्या जोडीला कर्ब लागतो, आणि तो सुक्या पालापाचोळ्यात असतो. नागपुरात फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत पिंपळ, वड, कडुलिंबाची पानं रस्त्याकडेला ढिगाने पडलेली असतात. दोन गोण्या तेव्हाच भरून कोरड्या जागी ठेवा. ऐन पावसाळ्यात कोरडी पानं मिळत नाहीत, आणि नेमकी तेव्हाच त्यांची सर्वांत जास्त गरज लागते.

जुना माठ किंवा मोठी मातीची कुंडी घ्या. तळाला भोक हवंच. खाली नारळाच्या शेंड्यांचा एक थर द्या, म्हणजे भोक बुजणार नाही. त्यावर चार बोटं सुकी पानं. मग रोज एक वाटी धुतलेला चोथा आणि दोन गच्च वाट्या चुरलेली सुकी पानं घाला, पानं नेहमी वर. पहिल्या दिवशी दोन मुठी जुनं शेणखत किंवा तयार कंपोस्ट विरजणासारखं घाला. ते नसेल तर अर्धी वाटी आंबट ताक पाण्यात पातळ करून शिंपडा. भाज्यांची देठं, सालं त्यात चालतात. शिजलेलं अन्न, तेलकट रस्सा घालू नका.

दर चार-पाच दिवसांनी काडीने खालवर करा. ओल बघायची तर मूठभर कालवून घट्ट दाबा. एखाद-दुसरा थेंब निघाला आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकला तर ओल बरोबर आहे. धार निघाली तर पानं वाढवा, भुरभुर सुटलं तर पाणी शिंपडा. मे महिन्यात माठ सावलीत ठेवून त्यावर ओलं पोतं टाका, नाहीतर आतलं सगळं कोरडं पडून कुजणं थांबतं. पावसाळ्यात वर झाकण किंवा पत्रा हवा.

सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा पोचत नाही आणि पाणी जास्त झालं आहे. खालवर करून सुकी पानं घाला. नाकात झोंबणारा वास आला तर चोथा जास्त आणि पानं कमी पडली. माठ गरम होत नाही म्हणून घाबरू नका. एवढ्या लहान भांड्यात मोठ्या ढिगासारखी उष्णता धरून राहत नाही. दोन-तीन महिन्यांत पानं ओळखू येईनाशी होतात आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. मग चाळून घ्या. चाळणीवर उरलेलं पुन्हा माठात टाका.

बारा इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी हे खत वरच्या मातीत हलकं मिसळायचं आणि पाणी द्यायचं. नवी कुंडी भरताना काळ्या मातीत एक तृतीयांश एवढं खत आणि थोडी वाळू मिसळा. काळी माती सुकली की भेगा पडतात आणि ओली झाली की चिखल होतो. हे खत दोन्ही थोडं सावरतं.

कॉफीचा गाळ

गाळ मिळत असेल तर तोही याच माठात जाऊ द्या, पण एकूण ऐवजाच्या पाचव्या भागाहून कमी. गाळ आंबट असतो आणि त्यामुळे आपल्या खारवट मातीचा सामू खाली येतो, असं अनेकजण सांगतात. ते बरोबर नाही. आंबटपणा बराचसा कपात उतरलेला असतो, गाळ जवळजवळ उदासीन असतो. मातीवर त्याचा जाड थर दिला तर सुकून पापुद्रा धरतो आणि पाणी वरच्यावर वाहून जातं. शिवाय उरलेल्या कॅफिनमुळे कोवळ्या रोपांची वाढ खुंटू शकते. सांबार किंवा मेथी पेरलेल्या कुंडीत तर कच्चा गाळ अजिबात नको.

टरफलं: आधी माती विचारा

आमच्या शेजारच्या काकूंच्या गच्चीवर कुंडीत संत्र्याचं रोप आहे. गेल्या वर्षी त्याची नवी पानं पिवळी पडू लागली, शिरा मात्र हिरव्याच. "काहून पिवळं पडून राहिलं हे? दर आठवड्याला तर टरफलं टाकते मी," असं त्या म्हणाल्या. कुंडीत शेताकडून आणलेली काळी माती होती, पाणी बोअरचं होतं. कुंडीच्या कडेला पांढरा थरही दिसत होता.

चमचाभर कोरडी माती ताटलीत काढून तिच्यावर व्हिनेगरचे काही थेंब टाकले, तर माती फसफसली. म्हणजे तिच्यात चुनखडी आधीच भरपूर होती. टरफल म्हणजे जवळपास सगळा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनाच. अशा जमिनीत लोह असतं, पण ते विरघळत नाही, म्हणून मुळांना मिळत नाही. पिवळी पानं आणि हिरव्या शिरा ही त्याचीच खूण. लिंबूवर्गीय झाडांत ती चटकन दिसते. त्यात टरफलं घालणं म्हणजे अडचणीत भर.

काकूंनी वरची दोन-तीन इंच माती काढून टरफलांचे तुकडे वेचले, तिथे माठातलं खत भरलं आणि कृषी केंद्रातून चिलेटेड लोह आणून पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात पानांवर संध्याकाळी फवारलं. त्यानंतर फुटलेली पालवी हिरवी आली. जुनी पिवळी पानं बहुतेक तशीच राहिली.

तेव्हा तुमच्या कुंडीतली माती आधी अशीच तपासा. लिंबाचा रसही चालतो. फसफसली, तर टरफलं तिथे घालू नका. बोअरचं पाणी घालत असाल तरी गरज कमीच, ते पाणी स्वतःच चुना आणतं.

टरफलं उपयोगी पडतात ती कोकोपीट आणि कंपोस्टच्या हलक्या मिश्रणात, नळाचं पाणी मिळणाऱ्या टोमॅटो-मिरचीला. तिथेही तुकडे टाकून लगेच फायदा दिसत नाही, ते वर्षानुवर्षं तसेच राहतात. आधी टरफलं धुवा, दहा मिनिटं उकळा, उन्हात वाळवा आणि मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करा. कच्च्या अंड्यावर रोगजंतू असू शकतात, म्हणून उकळणं टाळू नका. दहा-बारा इंची कुंडीला चहाचा एक चमचा पूड, कुंडी भरतानाच मिसळलेली, पुरे.

लवकर परिणाम हवा असेल तर ती पूड व्हिनेगरमध्ये विरघळवा. एका टरफलाच्या पुडीला अर्धा कप व्हिनेगर घ्या. उभट काचेच्या बरणीत थोडं थोडं ओता, कारण फेस बराच चढतो, आणि झाकण सैल ठेवा. एक-दोन दिवसांनी बुडबुडे थांबले आणि तळाशी थोडी पूड शिल्लक असेल तर आम्ल संपलं आहे. पूड पूर्ण गायब झाली असेल तर चिमूटभर आणखी घाला. गाळून घेतलेल्या पाण्याचे दोन चहाचे चमचे लिटरभर पाण्यात मिसळून पंधरा दिवसांतून एकदा मुळाशी द्या. टोमॅटोच्या तळाला काळा डाग पडत असेल तर मात्र आधी पाणी देण्याची पद्धत बघा. नागपूरच्या उन्हात दोन दिवस माती कोरडी आणि तिसऱ्या दिवशी तुडुंब, असं चाललं तर मातीत कॅल्शियम असूनही फळापर्यंत पोचत नाही. तिथे टरफलांनी काही होत नाही. गोगलगायी अडवायला रोपाभोवती टरफलांची रांग लावण्याचाही उपयोग नाही, त्या वरून निवांत जातात.

स्वयंपाकघरात

इथे फार काही नाही. बिनदुधाचा, बिनसाखरेचा काळा चहा केला असेल तर त्याचा चोथा त्याच दिवशी कापडात बांधून छोले उकळताना टाका, रंग गडद येतो. वाळलेला कॉफीचा गाळ वाटीत घालून फ्रिजच्या कोपऱ्यात ठेवला तर वास कमी होतो, दोन आठवड्यांनी तो माठात टाकायचा. उकळून चुरलेली टरफलं अरुंद तोंडाच्या बाटलीत थोडं साबणाचं पाणी घालून हलवली की आतला थर सुटतो. तव्यावरचं तेल काढायला चोथा चालतो, नॉनस्टिकवर मात्र नको. आणि हे काम झाल्यावर चोथा, गाळ किंवा चुरा बेसिनमध्ये वाहू देऊ नका. तेलाबरोबर तो पाइपात घट्ट बसतो आणि प्लंबरला बोलवावं लागतं. गाळणीत अडवा आणि कचऱ्यात टाका, तेल-साबण लागलेलं माठात नको.