व्याज दोनदा कापू नका

रावेरच्या मित्राच्या केळीच्या हिशेबात बाग तोट्यात दिसत होती. खर्च १० लाख: बँकेचे ६ लाख १० टक्क्यांनी, स्वतःचे ४ लाख, त्यावर अपेक्षा १५ टक्के. म्हणजे भांडवलाचा सरासरी दर १२ टक्के (कर बाजूला ठेवून).

१. वर्षाअखेरची निव्वळ आवक ११.२० लाख. व्याज, मुद्दल काहीच वजा करू नका.
२. वर्षानंतरची ही रक्कम आजच्या किमतीत आणायला १२ टक्के दराने, म्हणजे १.१२ ने भागा. बरोबर खर्चाइतके १० लाख, तोटा नाही.

त्याच ११.२० लाखांतून बँकेचे ६.६० गेले की त्याचे ४.६० उरतात, म्हणजे १५ टक्के सुटलेच! त्याने ६० हजार व्याज आधी कापून वर १२ टक्के लावले, म्हणून ५४ हजारांचा खोटा खड्डा.

हप्ते कापायचेच असतील तर दर १५ टक्के घ्या आणि उत्तर स्वतःच्या ४ लाखांशीच ताडा.