रेघा पुसताना तारे पुसू नका

मृगातला तेजोमेघ टिपायला ट्रॅकर लावून पाच-पाच मिनिटांच्या 5 फ्रेम घेतल्या, एकावर एक रचून स्टॅक केल्या, तरी विमानाची रेघ जागच्या जागी. मग हात हीलिंग ब्रशकडे जातो आणि घात होतो. ब्रशला रेघ आणि तिच्याखालचा अंधुक तारा वेगळे ओळखता येत नाहीत. रेघेबरोबर ताराही जातो.

खरी चूक फ्रेमच्या संख्येत आहे. समजा, एका पिक्सेलची किंमत चार फ्रेममध्ये 500 आहे आणि विमान गेलेल्या पाचवीत 5000. मध्यक 500, पण त्या एका आकड्यानेच सिग्मा, म्हणजे आकड्यांच्या विखुरलेपणाचं माप, फुगून 1800 होतो. 4500चा फरक म्हणजे जेमतेम अडीच सिग्मा. मध्यकापासून किती सिग्मा दूरचा आकडा टाकायचा याची मर्यादा 3 असेल, तर साधं सिग्मा क्लिपिंग ही रेघ कधीच टाकणार नाही, मग ती कितीही तेजस्वी असो. तीच 25 मिनिटं एकेका मिनिटाच्या 25 फ्रेममध्ये वाटा, एका फ्रेममधली रेघ पाच सिग्मांवर जाते आणि आपोआप गळते. त्या जागेचा तारा उरलेल्या 24 फ्रेममधून येतो.

दुसरी चूक उलट दिशेची. रेघेची पुसट कड राहिली म्हणून मर्यादा 1.5वर आणली जाते. हवा क्षणभर स्थिर झाली की ताऱ्याचा गाभा त्या फ्रेममध्ये जास्त उजळ येतो. सॉफ्टवेअर त्यालाच उपरा समजून छाटतं. तारे मंद आणि चपटे दिसू लागतात. सिरिल या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हे तपासता येतं:

```
stack r_pp_light rej w 3 3 -norm=addscale -rejmaps -out=mrug
```

यात `w` म्हणजे विन्सराइज्ड क्लिपिंग, ते फुगलेला सिग्मा आधी आवरतं. `addscale` मुळे आकाश कमी-जास्त उजळ असलेल्या फ्रेम आधी एका पातळीवर येतात. हे वगळलं तर अख्खी फ्रेमच उपरी ठरू शकते. `-rejmaps` मुळे काय काय टाकलं त्याचे नकाशे मिळतात. वरच्या बाजूच्या नकाशात रेघा दिसायला हव्यात. ताऱ्यांच्या जागी ठिपके किंवा कडी दिसली, तर मर्यादा वाढवा, किंवा तारे फुगलेल्या नाहीतर नीट न जुळलेल्या फ्रेम काढून टाका.

मृगाची एक खास अडचण आहे. महाराष्ट्रातून पाहिलं तर भूस्थिर उपग्रहांचा पट्टा बाणाचे तीन तारे आणि तेजोमेघ यांच्या मधून जातो. ट्रॅकर ताऱ्यांबरोबर फिरत असल्याने एका मिनिटात असा उपग्रह पाव अंशाची आखूड पूर्व-पश्चिम रेघ सोडतो. तेवढ्यावर भागत नाही, मागून येणारे उपग्रहही जवळजवळ त्याच वाटेने जातात, म्हणून एकाच पिक्सेलवर तीन-चार वेळा रेघ पडू शकते आणि क्लिपिंगचा हिशेब कोलमडतो. इथे 25 फ्रेम पुरत नाहीत. मी 60 ते 80 घेतो, शक्यतो दोन वेगळ्या रात्री, आणि तरीही उरलेली पुसट रेघ तशीच ठेवतो.