इंटरव्ह्यूची वेळ बदलून मागताय? आधी या चुका टाळा

मे महिना आला की माझ्या इनबॉक्समधे एकच प्रकार सुरू होतो. फायनल इयरच्या मुलांच्या व्हायवा, प्रोजेक्टच्या परीक्षा आणि आमचे इंटरव्ह्यू नेमके एकाच दिवशी येतात. मी पुण्यात रिक्रूटमेंटमधे आहे, इंटरव्ह्यू लावणं हेच माझं रोजचं काम, आणि खरं सांगते, खरी अडचण असेल तर वेळ बदलून मागण्यात काहीच वाईट नाहीये, आम्ही तो बदल करून देतोच. पण मागायची पद्धत चुकली की चांगल्या मुलांचा राउंड हातातून जातो आणि ते बघून मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे लिहितेय.

एक उदाहरण घेऊ. नाशिकची एक मुलगी, शेवटचं सेमिस्टर, टेक्निकल राउंड गुरुवारी १४ मे ला सकाळी ११:३० ला, ४५ मिनिटांचा, ऑनलाइन, दोन इंटरव्ह्यूअर. मंगळवारी १२ तारखेला दुपारी कॉलेजने व्हायवाचं टाइमटेबल लावलं आणि तिची बॅच निघाली १४ लाच सकाळी १० ची. बाहेरून एक्सटर्नल येणार, त्यामुळे ती तारीख हलणार नाही. म्हणजे हलवायचा तो इंटरव्ह्यूच.

तिने पहिल्यांदा काय केलं, तर इन्व्हाइट उघडून No दाबलं. बस. तिला वाटलं की आता त्यांना कळेल मला जमत नाहीये आणि ते दुसरी वेळ देतील. पण माझ्या बाजूला काय दिसतं तर तिच्या नावापुढे नकार, कारण काही नाही. आणि असा नकार आमच्याकडे बहुतेक वेळा ‘कॅंडिडेटने माघार घेतली’ असाच वाचला जातो, कारण दुसरीकडे ऑफर मिळालेली मुलं नेमकं हेच करतात, न बोलता No दाबतात. मग तो स्लॉट मी दुसऱ्याला देऊन टाकते. नशीब की तिने तासाभरात फोन केला. तर मेल जाईपर्यंत No ला हात लावू नका, आणि नवीन वेळ पक्की होईपर्यंत जुनं इन्व्हाइट तसंच राहू द्या.

कॅलेंडरमधे Propose a new time असा ऑप्शन असतो, तो वापरला तर चालतो का, असं बरेच जण विचारतात. चालतो, पण फक्त त्याच्यावर विसंबू नका. तो प्रस्ताव ज्या अकाउंटवरून इन्व्हाइट आलं तिकडे जातो, आणि इन्व्हाइट बऱ्याचदा सिस्टिमच्या अकाउंटवरून आलेलं असतं, जे कोणी उघडून बघतच नाही. शिवाय त्यात तुम्ही एकच वेळ सुचवू शकता. मेलमधे Reschedule ची लिंक आली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मोकळे स्लॉट आम्हीच टाकलेले असतात, सरळ तिथून निवडा आणि वर एका ओळीचा मेल टाका.

मेल कुठे करायचा? ज्या मेलमधे इंटरव्ह्यू कन्फर्म झाला त्यालाच रिप्लाय, विषयाची ओळ न बदलता. विषय बदलला की मेल वेगळ्या थ्रेडमधे जातो आणि मग माझ्यासमोर फक्त ‘रिक्वेस्ट’ असं शीर्षक असतं, कोणती पोझिशन, कोणता राउंड, काहीच नाही. CC मधे आमच्यातले जे आधीपासून आहेत त्यांना राहू द्या, म्हणजे Reply all. तुम्ही कन्सल्टन्सीमार्फत आला असाल तर आधी तिथल्या माणसाला सांगा, कारण कंपनीशी बोलायचं काम त्यांचं असतं, आणि तुम्ही थेट कंपनीला मेल टाकला तर दोघं दोन वेगळ्या वेळा ठरवून बसतात, हे मी पाहिलंय. नुसता व्हॉट्सॲप मेसेज मात्र नको. मी सुट्टीवर असले तर माझ्या जागी जी बसते तिला माझ्या फोनमधलं काही दिसत नाही.

आता कारण. एक ओळ पुरते. काही मुलं दोन पॅरेग्राफ लिहितात, कॉलेजने टाइमटेबल किती उशिरा लावलं, सरांना किती विनवलं, घरून प्रवास किती. आम्ही ते वाचतो, पण त्यातून मला हवी ती माहिती सापडत नाही. मला तीनच गोष्टी हव्यात: काय आहे, कधी आहे, आणि ते हलवता का येत नाही. याच्या उलट ‘काही वैयक्तिक कारणामुळे’ एवढंच लिहिलं तर ते टाळल्यासारखं वाटतं. घरातलं आजारपण असेल तर ‘घरी मेडिकल इमर्जन्सी आहे’ एवढं बास, तपशील द्यायची गरज नाही. टाइमटेबलचा फोटो मागितला नसेल तर जोडू नका, मागितला तर द्या.

आणि सगळ्यात जास्त गडबड होते ती स्लॉट देताना. ‘मी नंतर कधीही उपलब्ध आहे’ हे लिहिणाऱ्याला नम्र वाटतं, पण त्याने काम परत माझ्याकडे येतं. मी दोन इंटरव्ह्यूअरची कॅलेंडरं बघून एक वेळ काढते, तुम्हाला विचारते, आणि तुम्ही म्हणता की अहो त्या दिवशी तर पेपर आहे. यात दोन दिवस गेले. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, तुमचा मेल मी बऱ्याचदा जसाच्या तसा इंटरव्ह्यूअरला फॉरवर्ड करते, त्यामुळे तो वाचून त्यांना लगेच ‘दुसरा चालेल’ असं म्हणता आलं पाहिजे.

त्या मुलीने आधी फोनवर मला सांगितलं, ‘मॅम, गुरुवारीच दुपारी १ ला चालेल का किंवा शुक्रवारी ११ ते ११:४५?’ दोन्हीत अडचण होती. व्हायवाला १० ला बोलावतात, पण नंबर कधी लागेल ते कोणीच सांगू शकत नाही, एक्सटर्नल उशिरा आले तर सगळी बॅच पुढे सरकते, आणि मग १ चा इंटरव्ह्यू पण गेला असता. दुसऱ्यांदा वेळ बदलून मागणं फार जड जातं, म्हणून क्लॅश आहे तो अख्खा दिवस सोडूनच द्या. आणि शुक्रवारी ११ ते ११:४५ म्हणजे इंटरव्ह्यू ४५ मिनिटांचा आणि जागा पण बरोब्बर ४५ मिनिटांची. दोन माणसं नेमकी त्याच वेळी मोकळी असणं अवघड असतं. त्याऐवजी दोन-तीन तासांची मोकळी खिडकी दिली की त्यात कुठेतरी ४५ मिनिटं दोघांची जुळतात.

मी तिला म्हटलं, अगं असं कर, तीन खिडक्या दे, वेगवेगळ्या दिवशी, एक तरी दुपारची, सगळ्या ऑफिसच्या वेळेत. सगळ्या सकाळच्या दिल्या आणि एका इंटरव्ह्यूअरची रोज सकाळी टीम मीटिंग असली तर तिन्ही फुकट जातात. शेवटी तिचा मेल असा झाला (मेल तुम्ही इंग्रजीत लिहाल, मजकूर हाच):

‘नमस्कार मॅम, गुरुवार १४ मे, सकाळी ११:३० चा टेक्निकल राउंड आहे. त्याच दिवशी सकाळी १० पासून माझी फायनल इयरची व्हायवा लागली आहे, टाइमटेबल आजच आलं आणि एक्सटर्नल येणार असल्याने ती तारीख बदलता येत नाही. खालीलपैकी कोणतीही वेळ मला चालेल:
शुक्रवार १५ मे, सकाळी ११ ते दुपारी २
सोमवार १८ मे, सकाळी १० ते १
मंगळवार १९ मे, दुपारी ३ ते ६
सगळ्या वेळा भारतीय वेळेनुसार. बुधवार संध्याकाळपर्यंत मी या तिन्ही मोकळ्या ठेवते आहे. यातलं काही जमत नसेल तर तुम्ही सुचवाल त्या वेळेनुसार बघते. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’
खाली नाव आणि मोबाइल नंबर.

यात वार आणि तारीख दोन्ही आहेत ते बघा. एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून कळतं, ‘पुढच्या शुक्रवारी’ असं लिहिलं की कोणता शुक्रवार यावरूनच घोळ होतो. ‘भारतीय वेळ’ हे उगाच नाहीये, इंटरव्ह्यूअर लंडनला बसलेला असेल तर उन्हाळ्यात तो आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतो आणि हिवाळ्यात साडेपाच, म्हणजे मे महिन्यात तुमचे सकाळचे ११ म्हणजे त्याचे पहाटेचे साडेसहा. पॅनल तिकडचं असेल तर दुपारच्या खिडक्याच द्या.

मोकळ्या ठेवते म्हटलं की खरंच ठेवा. मधे दुसऱ्या कंपनीचा फोन आला आणि सोमवारची वेळ त्यांना दिली, तर लगेच त्याच थ्रेडमधे कळवा की सोमवार आता नाही. न कळवता राहिलं आणि मी नेमका सोमवारच पक्का केला, तर दुसऱ्यांदा बदल मागायची वेळ येते आणि तिथे मग इंटरव्ह्यूअरच म्हणतात, राहू दे.

उत्तरच आलं नाही तर? मेल पाठवला म्हणजे वेळ बदलली असं धरून चालू नका, समोरून ‘हो’ येईपर्यंत जुनीच वेळ चालू आहे. अशा वेळी मेल टाकल्यावर तीन-चार ऑफिसच्या तासांनी एक फोन करा, नाही उचलला तर मेसेज, की मेल पाठवलाय, कृपया बघा. आदल्या दिवशी दुपारी परत एकदा. तरीही काहीच नाही आलं तर त्या दिवशी सकाळी ऑफिस उघडताच त्याच थ्रेडवर दोन ओळी टाका की आज ११:३० ला मी जॉइन होऊ शकत नाही, मेलमधले पर्याय अजून खुले आहेत. म्हणजे ‘न कळवता गैरहजर’ असा शेरा लागला तर दाखवायला लिखित काहीतरी असतं.

काही ठिकाणी बदल होतच नाही हेही माहीत असू द्या. एकाच दिवसाचा ड्राइव्ह असेल, पॅनल बाहेरगावाहून त्याच दिवसापुरतं येणार असेल, तर वेगळा दिवस मिळत नाही. तिथे त्याच दिवशी पहिला किंवा शेवटचा नंबर मिळेल का एवढं विचारा.

आता शेवटचा घोळ, जो वेळ मिळाल्यानंतर होतो. त्या मुलीला सोमवारी १८ ला सकाळी १०:३० मिळाले. मी जुनं इन्व्हाइट रद्द करून नवीन पाठवलं, म्हणजे मीटिंगची लिंक पण नवीन. तिने जुनी लिंक आधीच नोट्समधे सेव्ह करून ठेवली होती आणि सोमवारी १०:२५ ला तिकडे जाऊन बसली, समोर कोणीच नाही, आणि दोन्ही इंटरव्ह्यूअर दुसऱ्या रूममधे तिची वाट बघत होते. १०:३४ ला मी फोन केला, ‘अगं कुठे आहेस तू?’ तिने नवीन लिंक उघडली, इंटरव्ह्यू नऊ मिनिटं उशिरा का होईना पण झाला. म्हणून नवीन इन्व्हाइट आलं की Yes दाबा, कॅलेंडरमधे जुनं दिसत असेल तर ते काढा, आणि त्या दिवशी लिंक फक्त नवीन इन्व्हाइटमधूनच उघडा.