दवाखान्याचं पत्रक लिहिताना या चुका टाळा: ‘मुळापासून बरा’ आणि काळ्या पायाचा फोटो

नाशिकला शालिमारच्या आतल्या गल्लीत माझं डीटीपीचं टेबल आहे. द्राक्षांच्या पेट्यांची लेबलं, लग्नपत्रिका आणि गेली अठरा वर्षं दवाखान्यांची पत्रकं. लग्नपत्रिकेत नाव चुकलं तर फार तर एखादी आत्या रुसते. दवाखान्याच्या पत्रकाचं तसं नसतं. तरी मजकूर येतो तो त्याच घाईत: “जुनंच आहे, फक्त नंबर बदला, उद्या सकाळी पेपरात टाकायचंय.” कशाला उद्या सकाळी? आजार कुठे पळून चाललाय?

पाथर्डी फाट्याकडच्या एका मधुमेहाच्या दवाखान्याचं पत्रक असंच आलं होतं. वर ठळक अक्षरांत, “मधुमेह मुळापासून बरा! गोळ्या-इन्सुलिनपासून कायमची मुक्ती. ९५% रुग्णांना खात्रीशीर गुण.” खाली काळा पडलेला एक पाय आणि लाल पट्टीवर, “आज दुर्लक्ष, उद्या पाय गमवाल!” डॉक्टर तसे सज्जन आहेत. पेशंटशी तासभर बोलतील, पण पत्रक त्यांनी दुसऱ्या कुणाचं बघून उचललेलं.

‘बरा’ हा शब्द नुसता खोडून भागत नाही

पहिली चूक गॅरंटीची, आणि ती सुधारायला सांगितलं की दुसरी चूक तयार होते. ‘मुळापासून बरा’ काढा म्हटलं तर ‘मधुमेहातून मुक्त व्हायचंय?’ असं प्रश्नचिन्ह लावून आणतात. ‘खात्रीशीर’ काढा म्हटलं तर शेजारी चांदणी टाकून तळाशी मुंगीच्या अक्षरात ‘परिणाम व्यक्तीनुसार बदलतात’. आमच्या धंद्यात याला लोक शक्कल म्हणतात, मी पळवाट म्हणतो. वाचणाऱ्याच्या डोक्यात जे जायचं ते मोठ्या अक्षरांतून कधीच गेलेलं असतं.

९५ टक्क्यांचं मी डॉक्टरांना विचारलं, “कुणाच्या ९५?” ते म्हणाले, “जे फॉलोअपला येतात त्यांच्यातले.” आणि जे आलेच नाहीत? ज्यांना गुण आला नाही म्हणून त्यांनी दुसरा डॉक्टर गाठला? ते मोजलेच नव्हते. डॉक्टर स्वतःच हसले आणि आकडा खोडला. आकडा लिहायचा असेल तर किती जणांपैकी, किती काळ आणि गुण म्हणजे नेमकं काय, हे तिन्ही शेजारी लिहा. एवढी जागा पत्रकात नसते, म्हणून मी आकडाच घेत नाही.

‘मुक्ती’ला थोडा आधार आहे, आणि तोच घोटाळा करतो. टाइप २ मधुमेहात काही जणांची साखर औषधांशिवाय आटोक्यात राहते हे खरं. आजार फार जुना नसेल आणि वजन बरंच उतरलं असेल तर शक्यता जास्त. औषधं बंद करून किमान ३ महिने झाल्यावरही एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ६.५ टक्क्यांच्या खाली असेल तर डॉक्टर त्याला रेमिशन म्हणतात. पण साखर पुन्हा वाढू शकते, म्हणून तपासण्या चालूच ठेवाव्या लागतात. हे ‘मुळापासून बरा’ होणं नव्हे. शिवाय पत्रक पेपरातून घरोघर जातं. टाइप १ असलेल्या, लहानपणापासून इन्सुलिन घेणाऱ्या पोराच्या आईच्या हातातही ते पडतं. ‘इन्सुलिनपासून मुक्ती’ वाचून तिने ते थांबवलं, तर थोड्या दिवसांत पोराच्या जिवावर बेतेल. पत्रक काही तिला आधी ‘टाइप कोणता?’ असं विचारत नाही.

शेवटी आम्ही असं लिहिलं: “टाइप २ मधुमेहात, विशेषतः आजार फार जुना नसेल आणि वजन कमी झालं तर, काही जणांची साखर औषधांशिवाय आटोक्यात राहू शकते. सगळ्यांचं तसं होत नाही, आणि साखर पुन्हा वाढूही शकते. तुमच्या बाबतीत काय शक्य आहे ते तपासणीनंतर सांगू. चालू गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका.”

डॉक्टर म्हणाले, “अहो, एवढं कोण वाचणार? आणि ‘सगळ्यांचं होत नाही’ वाचून कोण येणार?” मी त्यांना माझी नेहमीची परीक्षा घातली. ज्याला गुण आला नाही असा माणूस हेच पत्रक हातात घेऊन तुमच्या काउंटरवर उभा आहे, बोट या ओळीवर आहे. तुम्ही काय उत्तर द्याल? जुन्या ओळीवर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. नव्या ओळीवर उत्तर द्यायची वेळच येत नाही.

आणि प्रश्न फक्त काउंटरचा नाही. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा १९५४ चा केंद्राचा कायदा आहे. त्याच्या यादीतल्या आजारांवर औषधाने इलाज होतो अशी जाहिरात करता येत नाही, आणि त्या यादीत मधुमेह आहे, रक्तदाब आहे, लठ्ठपणाही आहे. ‘आमचं साधं हँडबिल, ती काय जाहिरात’ असं म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, त्या कायद्यातल्या जाहिरातीच्या व्याख्येत परिपत्रक आणि वेष्टन तर आहेच, धुराने केलेली घोषणाही आहे. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना शिवाय २००२ ची आचारसंहिता लागू आहे. तिच्यात रुग्णालयाच्या जाहिरातीत संस्थेचं नाव, कोणत्या प्रकारचे रुग्ण घेतात, प्रशिक्षणाच्या व इतर सोयी आणि शुल्क, याहून जास्त काही नसावं असं म्हटलंय. मला तर ही यादी म्हणजे पत्रकाचा तयार आराखडाच वाटते. डॉक्टरांना ती शिक्षा वाटते.

काळा पाय

या फोटोवर माझा राग जुना आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यासाठी असाच पाय मीच सेट केला होता. कोरलड्रॉमध्ये काळेपणा आणखी गडद केला, वर लाल पट्टी टाकली आणि स्वतःच्या कामावर खूश झालो. ५,००० प्रती दिंडोरी आणि निफाडकडे गेल्या. पुढे आमच्या कागदवाल्याचे मामा आजारी पडले. बागेत काम करणारा माणूस, साखर जुनी. तळव्याला फोड आला होता, तो फुटून जखम झाली, आणि ती त्यांनी तीन आठवडे मोज्यात झाकून ठेवली. दुखत नव्हतं, म्हणून घरात कुणाला कळलंही नाही. वास येऊ लागला तेव्हा मामींनी मोजा काढला. दवाखान्यात का गेला नाहीत, असं विचारल्यावर ते म्हणाले, “त्या कागदावर पाय पाह्यला व्हता. म्हटलं, तिथं गेलो का कापत्यात.” अंगठा गेला, पाय वाचला.

कागद माझाच होता. ज्याला काहीच झालेलं नाही तो त्या फोटोला घाबरून चहाबरोबर विसरतो. ज्याला खरंच जखम आहे त्याला तिथे आपलाच पाय दिसतो, आणि तो लपून बसतो. ज्याच्यासाठी पत्रक काढलं, नेमका तोच येत नाही.

म्हणून इशारा द्यायचाच नाही असं नाही. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, खडा रुतलेला कळत नाही, हे सांगायलाच हवं. फक्त इशाऱ्यात तीन गोष्टी हव्यात: काय दिसलं तर यायचं, किती लवकर यायचं, आणि आल्यावर काय होईल. तिसरी गोष्ट सगळे विसरतात, आणि मामा तिसऱ्याच गोष्टीला घाबरले होते. पाथर्डी फाट्याच्या पत्रकात लाल पट्टीच्या जागी हे गेलं:

“तळव्याला जखम, फोड, सूज, लाली, काळा डाग किंवा वास असेल तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवा. आम्ही आधी जखम पाहू, स्वच्छ करू आणि पायाचा रक्तपुरवठा तपासू. पुढे काय करायचं ते तुम्हाला समजावून, तुमच्याशी बोलूनच ठरवू.”

आणि तपासणीचं वर्णन. मूळ पत्रकात होतं ‘अत्याधुनिक न्यूरोपॅथी स्क्रीनिंग’. मी डॉक्टरांना म्हटलं, माझ्यावर करून दाखवा. त्यांनी डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक तंतू तळव्याला टेकवला, वाकेपर्यंत दाबला. १० ग्रॅमचा दाब पडला की तो तंतू वाकतो. “कळलं की हो म्हणा.” बस, एवढंच. मग पत्रकातही तेवढंच लिहिलं: “नायलॉनच्या बारीक धाग्याने तळव्याला स्पर्श करून तुम्हाला तो कळतो का ते पाहतो. सुई नाही, दुखत नाही.” जी तपासणी स्वतः पाहिली नाही तिचं वर्णन मी लिहीत नाही. नवीन पोरं गुगलवरून उतरवतात आणि मग दवाखान्यात नसलेलं मशीन पत्रकात येतं.

बाकीच्या, पटापट

‘मोफत शिबिर’ लिहून फक्त बोट टोचून साखर मोफत असेल, तर तेवढंच मोफत आहे असं लिहा. बाकीच्या तपासण्यांचे दर खाली द्या.

‘साइड इफेक्ट नाहीत’ हे कुठल्याच औषधापुढे लिहू नका, आयुर्वेदिक असलं तरी.

‘फक्त पहिल्या ५० जणांना’ हे साड्यांच्या सेलला ठीक.

पेशंटचे अनुभव आणि आधी-नंतरचे फोटो मी परवानगी असली तरी घेत नाही. न बरे झालेले लोक अनुभव द्यायला येत नाहीत.

ज्या विषयातली पदवी नाही त्याचा ‘स्पेशालिस्ट’ लावू नका. पदवी आणि नोंदणी क्रमांक मात्र वाचता येईल अशा अक्षरात टाका. तो क्रमांक लपवण्याची हौस मला कधी कळली नाही.

प्रूफ डॉक्टरांच्या बायकोला दाखवून ‘ओके’ घेऊ नका. मी खालच्या चहावाल्याच्या आईला वाचून दाखवतो आणि विचारतो, “मावशी, यावरून तुम्ही काय कराल?” पहिल्या प्रूफला मावशी म्हणाल्या, “गोळ्या बंद करीन.” दुसऱ्याला म्हणाल्या, “पाय बघून घेईन, आणि फी किती ते कुठं लिहिलंय?” फी राहिली होती. टाकली.

एक चूक मात्र माझी मलाच सापडली, पत्रक छापून महिना झाल्यावर. बिल घ्यायला गेलो तर काउंटरवरची मुलगी कागदाच्या चौकोनी तुकड्यांवर टोकन नंबर लिहून देत होती. माझ्या हातात २३ नंबर आला. सहज उलटून पाहिलं तर मागे लाल अक्षरांत ‘कायमची मु’. उरलेली जुनी पत्रकं तिने कापून वापरायला काढली होती, दोनेक हजार असतील. बाकावर बसलेल्या प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा होता, आणि एक आजोबा आपला तुकडा शेजाऱ्याच्या तुकड्याला लावून पुढचं काय ते वाचायचा प्रयत्न करत होते. गठ्ठा मी बिलाबरोबर उचलून आणला. आता नवं पत्रक देताना जुना साठा आणि फाटकावरचा फ्लेक्स आधी मागून घेतो.