मेंदी, हेअर डाय आणि सनस्क्रीनचे डाग: कपडा भिजवण्याआधी या चुका टाळा

कपड्यावर डाग पडला की लगेच धुवायला टाका, असं आपण ऐकत आलोय. मेंदी आणि हेअर डायला ते बरंचसं लागू आहे. सनस्क्रीनला मात्र नाही. तिथे घाईने बादलीत बुडवलेला पांढरा शर्टच जास्त बिघडतो. तिन्ही डागांत घाई करायचीच, पण प्रत्येकाची मुदत वेगळी आहे. डायला मिनिटं मिळतात, मेंदीला काही तास, आणि सनस्क्रीनला पहिल्या धुण्यापर्यंतचा वेळ.

आधी सनस्क्रीन, कारण तिथेच सगळ्यात जास्त फसगत होते

घोडबंदर रोडवरच्या ज्या सोसायट्यांत टँकरचं आणि बोअरचं पाणी मिसळून येतं, तिथल्या बऱ्याच घरांत हे चित्र दिसेल. मुलाचा पीटीचा पांढरा शर्ट धुण्याआधी ठीक दिसत होता आणि वाळल्यावर कॉलरवर पिवळट-नारिंगी पट्टा उमटला. कपडे धुणाऱ्या मावशी म्हणतात, "ताई, घासून घासून हात दुखले, पण जातच नाही." दोष मावशींचा नाही आणि पावडरचाही नाही.

अनेक सनस्क्रीनमध्ये एव्होबेन्झोन नावाचा घटक असतो. तो तेलात विरघळलेला असतो, त्यामुळे मानेवरून कॉलरच्या धाग्यात उतरतो तेव्हा डोळ्यांना दिसतही नाही. पाण्यात लोह असेल तर धुताना दोघांची गाठ पडते आणि गंजासारखा रंग तयार होतो. पाण्यात लोह आहे की नाही हे घरीच कळतं: बादलीच्या तळाला किंवा नळाखालच्या लादीवर तांबूस ओघळ असतील तर आहे. नुसत्या झिंक ऑक्साइडच्या सनस्क्रीनचे डाग पांढुरके असतात, त्यांचं असं नारिंगी होत नाही. घामाचा पिवळेपणा बहुधा काखेत दिसतो आणि हळूहळू वाढत जातो. कॉलर, गळा किंवा बाहीची कड एकाच धुण्यात नारिंगी झाली, तर संशय सनस्क्रीनवर घ्यावा.

इथली मोठी चूक म्हणजे क्लोरीनचं ब्लीच. पांढरा कपडा दिसला की हात आपोआप त्या बाटलीकडे जातो. पण ब्लीच लोहाला गंजाच्याच रूपात आणतं, त्यामुळे डाग फिका होण्याऐवजी गडद होतो, कधी गुलाबीसर होतो. मग त्यावर नीळ टाकली जाते आणि कॉलर मळकट दिसायला लागते.

आता असा ब्लीच झालेला शर्ट हातात आलाय असं समजा. पहिलं काम, तो साध्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून ब्लीच पूर्ण काढायचं. ब्लीचचा वास येत असताना त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर घातलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि आपली मोरी केवढीशी असते ते माहीतच आहे. वास गेला की शर्ट पिळून वाळू द्या. कोरड्या कॉलरवर भांडी घासायचं लिक्विड थेट चोळा आणि पंधरा मिनिटं ठेवा. त्याने तेल सुटतं. तेल धाग्यात असेपर्यंत पुढचं औषध आत पोचत नाही. हे धुवून काढल्यावर अर्धा कप कोमट पाण्यात चहाचा एक चमचा लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक अ‍ॅसिड, विरघळवा. कॉलर त्यात अर्धा तास भिजत ठेवा. लोह त्या आम्लात सुटतं. नारिंगीचा फिकट पिवळा झाला म्हणजे दिशा बरोबर आहे. पुन्हा एकदा तेच करा आणि शेवटी कॉलरपुरतं पिण्याचं पाणी वापरून खळबळा. काटकसर म्हणून आरओमधून वाया जाणारं पाणी इथे वापरू नका, त्यात क्षार उलट जास्त असतात.

लिंबाबरोबर खायचा सोडा घालणं हीसुद्धा नेहमीची चूक. फेस छान येतो, पण सोडा आम्लाला मारून टाकतो आणि डागाला काहीच होत नाही. रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून बघा.

हा सगळा खटाटोप टाळायचा असेल तर सनस्क्रीन लागलेली कॉलर कोरडी असतानाच लिक्विड लावून, पंधरा मिनिटांनी मग भिजवा. लोहाशी गाठ पडायच्या आत तेल निघून गेलेलं बरं.

हेअर डाय: डबीवर लिहिलेली वेळ हीच डागाची मुदत

कायमस्वरूपी डायमध्ये दोन भाग मिसळले की छोटे, जवळजवळ बिनरंगी रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे आणि गडद होतात. केसांवर हे व्हायला बहुधा अर्धा तास लागतो, टॉवेलवरही साधारण तेवढाच. म्हणून नुकताच पडलेला थेंब फिका तपकिरी दिसतो आणि माणूस म्हणतो, "राहू दे, नंतर बघू." केस धुवून होईतो तो काळा झालेला असतो आणि मोठे झालेले रेणू धाग्यातून बाहेर येत नाहीत.

थेंब पडला की केस तसेच राहू द्या आणि कपडा उलटा करून थंड पाण्याच्या धारेखाली धरा, म्हणजे रंग आला तसाच मागे ढकलला जाईल. मग लिक्विड लावा. राहिलेल्यावर सर्जिकल स्पिरिट पांढऱ्या फडक्याने टिपून घ्या, गॅसपासून दूर. घासू नका, डाग पसरतो. काळा पक्का झालेला डाग पांढऱ्या सुती कापडावर ब्लीचने थोडा उतरू शकतो, रंगीत कापडावर मात्र डागाच्या आधी कापडाचाच रंग जातो.

पाकिटावर "काळी मेंदी" लिहिलेलं असलं तरी मागची घटकांची यादी वाचा. त्यात पीपीडी हे डायमधलं रसायन असेल तर तो डायच आहे, त्याला मेंदीसारखं निवांत वागवू नका.

मेंदी, आणि तिला हळदीसारखी समजण्याची चूक

लग्नघरात हळद आणि मेंदी एकाच आठवड्यात कपड्यांवर येतात, त्यामुळे उपायही एकच केला जातो: धुवा आणि उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात विटतो, मेंदीचा तसा विटत नाही. उन्हात तापून तो आणखी पक्का होण्याचीच शक्यता जास्त. डाग दिसतोय तोवर ऊन नको, इस्त्रीही नको.

ओला लगदा चमच्याच्या कडेने उचला, वाळलेला असेल तर खरवडून झटका. पाणी नंतर, तेही थंड आणि उलट बाजूने. कोनमध्ये नीलगिरीचं किंवा लवंगेचं तेल घातलेलं असतं, म्हणून इथेही लिक्विड लागतं. सुती कपड्यावर नारिंगी छाया राहिली तर ऑक्सिजनवालं ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट असलेली पावडर, कोमट पाण्यात घालून काही तास भिजवा.

पैठणी किंवा कुठल्याही रेशमाची गोष्ट वेगळी. मेंदीतला रंग प्रथिनाला धरतो, तळहाताला धरतो तसाच. रेशीम हे प्रथिनच आहे, त्यामुळे तिथे तो सुतापेक्षा घट्ट बसतो, आणि परकार्बोनेटचं पाणी तर रेशमालाच खातं. लगदा उचला, ओल्या फडक्याने टिपा आणि साडी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी ड्रायक्लीनिंगला द्या. देताना डाग मेंदीचा आहे आणि घरी त्यावर काय काय लावलंय ते सांगा, म्हणजे तो आधी वाफ मारणार नाही. आठवडाभर कपाटात राहिलेला मेंदीचा डाग रेशमावरून पूर्ण निघेल अशी हमी चांगला ड्रायक्लीनरही देत नाही.