मथळ्यातच मुद्दा मांडा

‘जीएसटी परिषदेमुळे संघराज्य बळकट झाले का?’ हा प्रश्न यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत १० गुणांना आला, तर १५० शब्दांत उत्तर बसवायचं असतं. दादर-ठाण्याच्या अभ्यासिकांमध्ये बरेच जण संघराज्याच्या व्याख्येतच ४० शब्द घालवतात. त्याऐवजी एका वाक्यात ही परिषद ज्याने आली ते राज्यघटनेचं कलम २७९अ सांगा आणि पुढे सरका.

‘फायदे’, ‘आव्हाने’ असे मथळे काहीच सांगत नाहीत. ‘केंद्राच्या हाती नकाराधिकार’ असा मथळा द्या आणि खाली हिशेब मांडा: केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात, म्हणजे सगळी राज्यं एकत्र आली तरी केंद्राशिवाय ठराव होत नाही. आणि केंद्रालाही एकट्याने तो करता येत नाही! दुसरा मथळा ‘शिफारस बंधनकारक नाही’. त्याखाली सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा मोहित मिनरल्स निकाल, एवढंच.

उदाहरण मुंबईचंच घ्या. २०१७ मध्ये महापालिकेची जकात गेली आणि तिच्या जागी राज्याकडून भरपाई येऊ लागली. ‘तिसऱ्या स्तराला परिषदेत जागा नाही’ या मथळ्याखाली हे २५ शब्दांत मावतं. शेवटच्या २० शब्दांत प्रश्नाला थेट उत्तर द्या: अंशतः, आणि का.