टीडीएसचे सर्टिफिकेट मागताना या चुका टाळा

कोथरूडमधील एका इंटीरिअर डेकोरेटरने बाणेरच्या एका कंपनीचे ऑफिस सजवले आणि २० डिसेंबर २०२४ रोजी ८०,००० रुपयांचे बिल दिले. कंपनीने आयकर कायद्याच्या कलम १९४जे प्रमाणे दहा टक्के कर, म्हणजेच टीडीएस, ८,००० रुपये कापून ८ जानेवारी २०२५ रोजी ७२,००० रुपये बँकेत जमा केले. जून महिन्यात रिटर्नची तयारी करताना त्यांनी अकाउंट्स विभागाला मेल केला, "मॅडम, जानेवारी ते मार्चचा फॉर्म १६ पाठवावा." त्यावर "या तिमाहीत आपल्या नावावर कपात नाही" असे एका ओळीचे उत्तर आले आणि आपले ८,००० रुपये बुडाले, असा त्यांचा समज झाला.

उत्तर खोटे नव्हते; मागणीतच दोन चुका होत्या. फॉर्म १६ पगारदारांसाठी असतो, फीवरील कपातीसाठी फॉर्म १६ए मागावा लागतो. ही चूक किरकोळ आहे, समोरचा बहुधा समजून घेतो. दुसरी चूक मात्र नेहमी नडते. टीडीएस पैसे देताना किंवा बिल खात्यात जमा दाखवताना, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा कापायचा असतो. कंपनीने बिल डिसेंबरमध्येच बुक केले होते, त्यामुळे पैसे जानेवारीत आले तरी कपात ऑक्टोबर-डिसेंबर या तिमाहीत गेली. म्हणून बँकेतील तारखेवरून तिमाही ठरवू नये, बिलाचा नंबर आणि तारीख देऊन ते कोणत्या तिमाहीत दाखवले आहे ते विचारावे.

काही जण पैसे हाती पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सर्टिफिकेटसाठी फोन करू लागतात. त्याचा उपयोग नसतो, कारण कंपनीने तिमाही विवरणपत्र भरल्याशिवाय हा फॉर्म तयारच होत नाही. पहिल्या तीन तिमाहींचे विवरणपत्र अनुक्रमे ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर व ३१ जानेवारीपर्यंत आणि शेवटच्या तिमाहीचे ३१ मेपर्यंत भरायचे असते. सर्टिफिकेट त्यानंतर पंधरा दिवसांत द्यायचे असते. डिसेंबरच्या बिलासाठी ही तारीख १५ फेब्रुवारी येते. त्याआधीचा तगादा व्यर्थ. त्यानंतर मात्र संकोच करण्याचे कारण नाही.

डेकोरेटरांनी तिमाही दुरुस्त करून पुन्हा विचारले, तेव्हा कंपनीने तत्परतेने लेटरहेडवर टाइप केलेला, सही-शिक्क्याचा कागद पाठवला. असा कागद पाहून समाधान मानणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. ग्राह्य फॉर्म १६ए आयकर खात्याच्या ट्रेसेस या टीडीएस पोर्टलवरूनच डाउनलोड केलेला असतो, त्यावर सर्टिफिकेट नंबर आणि कंपनीचा टॅन, म्हणजे करकपात खाते क्रमांक असतो. शिवाय आयकर खात्याची संगणक यंत्रणा कागदाकडे नव्हे, तर तुमच्या पॅनवर दिसणाऱ्या नोंदीकडे पाहते. मेल करण्यापूर्वीच आयकर पोर्टलवरून फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा कराचा उतारा, उघडून पाहावा. तेथे कंपनीचे नाव, रक्कम आणि स्टेटसच्या रकान्यात F असेल, तर क्रेडिट पक्के झाले आहे. U असेल, तर विवरणपत्रातील तपशील भरलेल्या कराच्या चलनाशी जुळत नाहीत.

डेकोरेटरांच्या २६एएसमध्ये या कंपनीची नोंदच नव्हती. कपात झाली आहे, कर भरला आहे आणि विवरणपत्रही गेले आहे असे कंपनी सांगत असेल, तर पहिला संशय पॅनवर घ्यावा. विवरणपत्रात आपला कोणता पॅन टाकला आहे, एवढाच प्रश्न विचारला असता उलगडा झाला. व्हॉट्सॲपवरील अंधूक फोटोवरून टाइप करताना दोन आकडे उलटसुलट झाले होते. मग त्यांनी पुढील मेल पाठवला:

"बिल दि. २० डिसेंबर २०२४, रक्कम ८०,००० रु., कपात ८,००० रु., तिमाही ऑक्टोबर-डिसेंबर, आर्थिक वर्ष २०२४-२५. विवरणपत्रात माझा पॅन चुकला आहे. पॅन कार्डाची प्रत जोडली आहे. कृपया सुधारित विवरणपत्र भरावे आणि त्यानंतरच ट्रेसेसवरून नवा फॉर्म १६ए डाउनलोड करून पाठवावा."

मेलमधील "त्यानंतरच" हा शब्द महत्त्वाचा आहे. सुधारणा मंजूर होण्याआधी काढलेल्या फॉर्मवर जुनाच पॅन येतो आणि पत्रव्यवहार पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

कंपनी टाळाटाळ करू लागली, तर सर्टिफिकेट न दिल्याबद्दल कलम २७२ए खाली दिवसाला ५०० रुपये दंड होऊ शकतो, तो कपातीच्या रकमेपर्यंतच वाढतो, याची सौम्य शब्दांत लेखी आठवण द्यावी. कापलेला कर कंपनीने सरकारकडे भरलाच नसेल, तर कलम २०५ नुसार तोच कर पुन्हा तुमच्याकडून थेट वसूल करता येत नाही. मात्र कपात झाल्याचे दाखवण्यासाठी बिल, बँकेचा उतारा आणि कंपनीचा मेल जपून ठेवावा लागतो. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने त्यानंतरच्या कपातींसाठी कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक वेगळे आहेत.)

नोंद दिसण्याची वाट पाहताना रिटर्नची मुदत चुकवू नये. २०२४-२५ चे रिटर्न वेळेत भरून, क्रेडिट नंतर दिसल्यास ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सुधारित रिटर्न भरता येत होते. मात्र पूर्ण ८०,००० रुपये उत्पन्नात दाखवावे लागतात. हाती आलेले ७२,००० दाखवून वर ८,००० चे क्रेडिट मागितले, तर हिशेब जुळत नाही.